सहा, दहा, चौदा आठवडे आणि आमचा बुधवार

आमची लेक १२ जानेवारी २०२५ ला, रविवारी झाली. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बीची लस हॉस्पिटलमध्येच झाली. घरी येताना हातात लसीकरण कार्ड होतं आणि त्यावर पुढचे टप्पे होते: सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे. यात पेंटा, पोलिओ, रोटा असे बरेच डोस येतात, पण आईबापांना सांभाळायच्या असतात त्या या तीन तारखा.

आमच्याकडे सगळं मीच बघणार होते, कारण नवऱ्याची ऐरोलीला शिफ्ट ड्युटी असते. मी मोबाईलच्या गूगल कॅलेंडरमध्ये एक नोंद केली आणि ती दर महिन्याला येईल अशी लावली. तिथेच चूक होती. चार आठवडे म्हणजे २८ दिवस, महिना नव्हे. आणि कळव्यात आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरण फक्त बुधवारी असतं. मासिक नोंद बहुतेक वेळा वेगळ्याच वारावर जाते. पहिला डोस ५ मार्चला, बुधवारी धरला, तर पुढची आठवण ५ एप्रिलला, म्हणजे शनिवारी वाजणार आणि त्यापुढची ५ मेला, सोमवारी. दोन्ही दिवशी जाऊन उपयोग नाही.

चार आठवड्यांची नोंद मात्र कायम त्याच वारावर राहते. म्हणून मी Custom मध्ये जाऊन दर ४ आठवड्यांनी आणि एकूण ३ वेळा असं लावलं. सुरुवात जन्मतारखेवरून नाही, तर सहा आठवडे पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या बुधवारपासून. सहा आठवडे २३ फेब्रुवारीला, रविवारी भरत होते, म्हणून पहिली नोंद २६ तारखेची. आधीचा बुधवार घेतला असता तर सहा आठवडे पूर्णच झाले नसते.

आठवणी दोन ठेवल्या. एक सात दिवस आधी सकाळी, दुसरी आदल्या संध्याकाळी. आदल्या दिवसाची आठवण पिशवी भरण्यासाठी: कार्ड, लंगोट, दुपटं. खरं काम सात दिवस आधीची आठवण करते. १९ फेब्रुवारीला ती वाजली तेव्हा मी आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो ताई, सव्वीसला महाशिवरात्र आहे, सेशन नाही. पाच तारखेला या." कॅलेंडरला वार कळतो, आपल्या केंद्राची सुट्टी कळत नाही. आदल्या संध्याकाळी समजलं असतं तर नवऱ्याची घेतलेली रजा वाया गेली असती. मी तिन्ही नोंदी एकत्र पुढे सरकवल्या: ५ मार्च, २ एप्रिल, ३० एप्रिल.

दुसऱ्या डोसाच्या वेळी तिला चांगलाच ताप होता. साध्या सर्दीसाठी लस थांबवत नाहीत, पण तिची अवस्था बघून सिस्टर म्हणाल्या, पुढच्या बुधवारी आणा. मी ती एकच नोंद ९ एप्रिलवर नेली. रात्री कार्डावर पेन्सिलने मांडून बघितलं तेव्हा लक्षात आलं की तिसरी नोंद ३० एप्रिललाच राहिली आहे, म्हणजे मध्ये फक्त २१ दिवस. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, पण पुढचं अंतर प्रत्यक्ष दिलेल्या डोसापासून मोजायचं. नोंद बदलताना This and following events निवडलं असतं तर तिसरीही आपोआप सरकली असती. मी ती हाताने ७ मेला नेली.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. नवऱ्याला त्या नोंदीत पाहुणा म्हणून जोडलं होतं, तरी त्याच्या फोनवर सात दिवस आधीची आठवण वाजलीच नाही. गूगल कॅलेंडरमध्ये आठवणी ज्याच्या-त्याच्या असतात. त्याच्या फोनवर त्या वेगळ्या लावून घेतल्या.

नऊ महिन्यांचा टप्पा मात्र या साखळीत बसत नाही, त्याची नोंद वेगळी. एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचा, पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे आमच्यासाठी १२ ऑक्टोबरनंतर. त्याच वेळी न्यूमोनियावरच्या पीसीव्ही लसीचा बूस्टर, आयपीव्ही म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वही असतं. पुढचा बुधवार १५ ऑक्टोबर, आणि दिवाळी त्याच्या पुढच्याच आठवड्यात. म्हणून इथे चार आठवडे आधीचीही आठवण लावली होती. ती वाजली त्याच दिवशी सासूबाईंना सांगितलं, "आई, गावाला निघायचं ते पंधरा तारखेनंतरच." त्यांनी तिकीट सतराचं काढायला सांगितलं.

पुढची नोंद १३ मे २०२६ ची आहे. सोळा महिने पूर्ण झाल्यानंतरचा पहिला बुधवार: एमआरचा दुसरा डोस, डीपीटीचा आणि पोलिओचा बूस्टर. चोवीस महिन्यांपर्यंत मुभा आहे, पण मे महिन्यात आम्ही गावाला जातो, म्हणून तिलाही चार आठवडे आधीची आठवण लावून ठेवली आहे.