सकाळी जाड, दुपारी बरोबर

तपासणी यंत्र सकाळच्या पाळीत चांगल्या चकत्या 'जाड' ठरवून बाजूला टाकत होतं. दुपारी त्याच चकत्या परत लावल्या की पास. चकती पोलादाची, व्यास 100 मिलिमीटर, दोन्ही बाजू घासून सपाट केलेल्या आणि गंजू नये म्हणून तेलात बुडवून आलेल्या. यंत्र ती सपाट प्लेटवर ठेवतं, वरून 500 न्यूटननं दाबतं आणि 5 सेकंदांनी सेन्सर जाडी वाचतो. मुभा फक्त 10 मायक्रॉन इकडे-तिकडे, आणि सकाळी चूक येत होती 18 च्या आसपास.

सगळ्यांचा पहिला संशय ऑपरेटरवर. "दादा, तेल जरा कमी लावा," असं त्याला दोन-तीन जणांनी सांगून झालं होतं. तो बिचारा पुसून पुसून ठेवत होता, तरी आकडा हलेना.

मी एक चकती आणि प्लेट पूर्ण कोरडी करून जाडी घेतली. मग तीच चकती तेलासकट ठेवली, दाब सुरू केला आणि 5 सेकंदांवर न थांबता सेन्सरचं वाचन नोंदवत राहिलो. कोरड्या वाचनापेक्षा जास्त येणारा आकडा म्हणजे खाली उरलेला तेलाचा थर. 5 सेकंदांनी तो 42 मायक्रॉन होता, 20 सेकंदांनी 21, आणि 80 सेकंदांनी साधारण साडेदहा. वेळ चौपट केला की थर निम्मा. ही खूण पटली की पुढे अंदाज बांधायची गरज राहत नाही.

चकती खाली येते तेव्हा मधलं तेल कडेपर्यंत ढकललं जायला हवं, आणि वाट अरुंद होत जाते तसा विरोध झपाट्यानं वाढतो. स्टेफाननं 1874 मध्ये आणि रेनॉल्ड्सनं 1886 मध्ये हा हिशेब मांडला. चकतीची त्रिज्या R, तेलाची व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा μ, खाली येण्याचा वेग V आणि फट h असेल, तर तेलाचा विरोध असा:

F = 3πμR⁴V / (2h³)

बल कायम ठेवलं, तर फट h₁ वरून h₂ वर यायला लागणारा वेळ:

t = (3πμR⁴ / 4F) · (1/h₂² − 1/h₁²)

यात ऑपरेटरची सुटका दडलेली आहे. सुरुवातीचा थर 1 मिलिमीटर असो की 0.2 मिलिमीटर, 1/h₁² ही संख्या 1/h₂² पुढे किरकोळ असते. 5 सेकंदांनंतरच्या थरात त्यामुळे एका मायक्रॉनइतकाही फरक पडत नाही. जास्तीचं तेल पहिल्या क्षणातच बाहेर पडतं. अडून बसतो तो शेवटचा पातळ थर.

फरक पाडत होती थंडी. उबदार तेलाची व्हिस्कॉसिटी सुमारे 0.1 पास्कल-सेकंद, सकाळच्या गार तेलाची तिप्पट. ठरलेल्या वेळेनंतरचा थर व्हिस्कॉसिटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून दुपारी 24 मायक्रॉन आणि सकाळी 42. यंत्राचं शून्य तेलकट मास्टर चकती, म्हणजे जाडी आधीच माहीत असलेली नमुना चकती, लावून दुपारी जुळवलेलं होतं, त्यामुळे 24 आपोआप वजा होत होते आणि वरचे 18 चकतीच्या माथी बसत होते.

दाब दुप्पट करू, असा प्रस्ताव लगेच आला. त्यानं थर वर्गमुळाच्याच हिशेबात घटतो, 42 चा 30 होतो, वर चकती वाकण्याचं भय. थांबायचा वेळ वाढवला तर उत्पादन अडतं. मला हाताशी दिसत होता तो R⁴. प्लेटऐवजी 5 मिलिमीटर त्रिज्येच्या तीन उंचवट्यांवर चकती टेकवली आणि दाबणारी तीन बोटं नेमकी त्यांच्या डोक्यावर आणली, म्हणजे मधे चकती वाकणार नाही. प्रत्येक उंचवट्यावर बल तिसरा हिस्साच येतं, पण त्रिज्या दहापट लहान, म्हणजे R⁴ दहा हजारपट लहान. गार तेलातही थर एक मायक्रॉनवर यायला तीन सेकंदांहून कमी पुरतात. त्याखाली हे सूत्र ताणू नये. तिथे पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि बारीकसा तिरकेपणाच फट ठरवतात.

मास्टर पुन्हा लावून शून्य नव्यानं जुळवलं. सकाळ-दुपारचा फरक मुभेच्या खूप आत आला. भार आता लहानशा जागेवर येतो, म्हणून उंचवटे झिजतात; ती झीज पकडायला कोरडी मास्टर चकती ठरावीक काळानं लावावी लागते.

एक फायदा मात्र कुणी मागितला नव्हता. जुन्या प्लेटवरून चकती झटक्यात उचलू म्हटलं तर ती चिकटून बसायची, कारण उचलताना तेलाला उलट कडेकडून मधे शिरावं लागतं आणि मध्यभागी दाब हवेच्या दाबाखाली जातो. ती ओढ या आकाराच्या चकतीवर काहीशे न्यूटनपर्यंत जाऊ शकते. ऑपरेटर ती कडेला सरकवून काढत असे. आता ती सरळ वर येते.