फॅमिली पेन्शनची वजावट, एकवीस हजारांचा कर आणि तीनशे रुपयांचा परतावा

२०२३ साली हे गेले. जलसंपदा खात्यात आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कोषागारातून माझ्या नावाची फॅमिली पेन्शन फारशी अडचण न येता सुरू झाली. ग्रॅच्युइटीचे आणि विम्याचे पैसे काही पोस्टात, काही बँकेत ठेवले. हे असताना रिटर्नचं मला काही बघावं लागत नसे. बँकेकडून त्यांचा फॉर्म १६ यायचा, तो घेऊन ते स्वतःच जायचे. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा मी बँकेत फॉर्म १६ मागायला गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, फॅमिली पेन्शनला फॉर्म १६ नसतो. त्यावर टीडीएसच कापत नाही ना आम्ही."

टीडीएस कापत नाहीत म्हणजे कर लागत नाही, असं आमच्या जुळे सोलापुरातल्या बहुतेक बायकांना वाटतं. तसं नाही. कर लागतो, फक्त तो आपला आपण काढायचा. नवऱ्याला पेन्शन मिळते ती त्याच्या नोकरीमुळे, म्हणून कायदा ती पगारात धरतो. बायको काही त्या खात्याची नोकर नव्हती. त्यामुळे तिला मिळणारी रक्कम "इतर स्रोतांतलं उत्पन्न" या खात्यात जाते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं की वजावटही बदलते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

नवीन करप्रणालीत पेन्शनरला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. फॅमिली पेन्शनला ती लागू नाही. तिच्यासाठी कलम ५७ मध्ये वेगळी तरतूद आहे: मिळालेल्या रकमेचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांत जे कमी असेल ते. जुन्या प्रणालीत हीच मर्यादा १५,००० आहे. २५,००० चा आकडा २०२४-२५ या वर्षापासूनच आला, त्याआधी नवीन प्रणालीतही १५,०००च होते. एक तृतीयांश ऐकायला मोठं वाटतं, पण वर्षाला ७५,००० च्या वर पेन्शन असली की मर्यादाच लागू होते. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच.

नवी पेठेतल्या एका ओळखीच्या फॉर्म भरणाऱ्याकडे कागद नेऊन दिले. दोन दिवसांत त्याने हिशेब काढून ठेवला आणि खुशीत सांगितलं, "काकू, कर शून्य. कापलेला सगळा टीडीएस परत येणार, बावीस हजारांच्या वर." मला बरंच वाटलं. पण संध्याकाळी भाची आली होती. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्याचे हिशेब बघते. तिने कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "मावशी, हा तुला काकांच्या जागी बसवतोय. पगाराच्या रकान्यात टाकलंय सगळं, पंचाहत्तर हजार वजा करून."

मग आम्ही पहिल्यापासून मांडलं. पासबुक छापून आणलं होतंच. कोषागाराच्या जमा नोंदींवर तिने पेन्सिलीने टिकल्या केल्या, महागाई भत्त्याच्या फरकाच्या वेगळ्या नोंदीसुद्धा त्यात घेतल्या. मार्चची पेन्शन एप्रिलमध्ये जमा होते, ती कुठल्या वर्षात धरायची हा माझा प्रश्न होता. तिने सांगितलं की पगाराला "देय कधी झाला" हे बघतात, पण इथे आपण पैसे हातात आले ते वर्ष धरतो. दरवर्षी तेच धरायचं, मध्येच पद्धत बदलायची नाही. म्हणून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या तारखांमध्ये खात्यात आलेलं तेवढंच घेतलं. बेरीज आली ५,२२,६००.

यातून २५,००० गेले, उरले ४,९७,६००. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माझे १५ लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,२३,०००. बँकेच्या मुदत ठेवींचं व्याज ९८,४०० आणि बचत खात्याचं २,०००. एकूण करपात्र उत्पन्न ७,२१,०००.

आता त्या वर्षीच्या नवीन प्रणालीत तीन लाखांपर्यंत काही नाही, पुढे सात लाखांपर्यंत ५ टक्के, त्यावर दहा लाखांपर्यंत १० टक्के. म्हणजे २०,००० अधिक २,१००, एकूण २२,१००. सात लाखांपर्यंत उत्पन्न असतं तर कलम ८७ ए च्या सवलतीने सगळा कर माफ झाला असता. मी २१,००० ने पुढे गेले होते. पण कायद्यात एवढी दया आहे की सात लाखांच्या वर जेवढी रक्कम, त्याहून जास्त कर घेत नाहीत. म्हणून २२,१०० चे २१,००० झाले. त्यावर ४ टक्के उपकर ८४०, एकूण २१,८४०.

टीडीएस पोस्टाने १२,३०० आणि बँकेने ९,८४० कापला होता, मिळून २२,१४०. म्हणजे परतावा फक्त ३०० रुपये! पंचाहत्तर हजार वजा केले असते तर उत्पन्न ६,७१,००० दिसलं असतं आणि करही शून्य. सगळा फरक त्या एका रकान्याचा. तो परतावा कदाचित खात्यात आलाही असता. पण पुढे कधी तपासणीत वजावट नाकारली, की कर व्याजासकट भरा, वर दंडाची टांगती तलवार.

जुनी प्रणालीही ताडून बघितली. तिथे पेन्शनमधून १५,०००, ज्येष्ठांच्या व्याजाचे ५०,००० आणि माझ्या आरोग्य विम्याचा ३१,००० हप्ता वजा करून उत्पन्न ६,५०,००० राहतं, आणि कर उपकरासकट ४१,६००. तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी फॉर्मवाल्याकडे गेले. "पेन्शन ती पेन्शनच, काकू," असं तो आधी म्हणाला. भाचीने सांगितलं होतं तसं मी त्याला आयटीआर-१ मध्ये इतर उत्पन्नाची यादी उघडायला लावली. तिथे `Family Pension` असा वेगळा पर्याय आहे, आणि त्याच भागात `57(iia)` ची वजावट. पर्याय निवडून रक्कम टाकली आणि तो गप्प झाला. व्याजाचे आकडे आधीच भरून आलेले होते, पेन्शनचा मात्र नव्हता; टीडीएस नसल्यामुळे कापलेल्या कराचा जो उतारा असतो त्या २६एएस मध्येही त्याची नोंद नव्हती. म्हणून पासबुकावरची बेरीज जपून ठेवायची. ज्येष्ठ नागरिकाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर अग्रिम कर भरावा लागत नाही, त्यामुळे त्याचं व्याजही लागलं नाही. आधारच्या ओटीपीने पडताळणी केली आणि परतावा यथावकाश जमा झाला.

२०२५-२६ साठी सवलतीची मर्यादा बारा लाखांवर गेली, तेव्हा याच आकड्यांवर मला कर लागत नाही. ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएसची मर्यादाही ५०,००० वरून एक लाख झाली. मुदत ठेवींचं व्याज त्याच्या आत बसतं, पोस्टाचं बसत नाही. म्हणून कर लागत नाही तेव्हा टीडीएस कापू नका, असा १५ एच फॉर्म एप्रिलमध्येच पोस्टात देऊन आले. फॅमिली पेन्शनची वजावट मात्र २५,०००च आहे.