बाहेऱ्याचा वार वाकडा का जात होता: नऊ आठवड्यांची नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की तलवारीने पाण्याच्या बाटल्या कापणं जमलं, आता भिजवलेल्या चटईचा रोल कापण्याकडे वळतो. चटईने पहिल्याच रविवारी दाखवून दिलं की बाटल्या निम्म्याच जमल्या होत्या. पुढचे नऊ आठवडे बाहेरा नावाच्या एकाच वारामागे गेले, म्हणून ही नोंदही त्या एकाच वाराची आहे.

आधी सामान. तलवार नव्या घडणीची, एकधारी, किंचित वक्र, मुठीच्या मागच्या टोकाला आपली तबकडी असलेली. पातं २९ इंच, रुंदी ३२ मिमी, पाठीशी जाडी ५ मिमी. पोलाद एन ४५, म्हणजे गाडीच्या कमानपाट्यांचं. घरातल्या जुन्या तलवारीने कापायचा मोह कुणी धरू नका. जुन्या मुठींत पातं राळेने किंवा लाखेने बसवलेलं असतं, ती वर्षांनी कोरडी पडून भुगा होते आणि पातं मुठीतून निसटू शकतं. माझी मूठही दर सत्राआधी मी कानाशी धरून हलवतो. खुळखुळ ऐकू आली तर त्या दिवशी कापणी नाही.

चटई म्हणजे गवती सादडी, ३ फूट बाय ६ फूट. बडोद्यात आता बहुतेक दुकानांत प्लास्टिकच्याच चटया पुढे करतात. त्या पाणी पीत नाहीत, त्यामुळे या कामाला निरुपयोगी. गवती मिळाली तरी तिचा ताण्याचा दोरा एकदा जाळून पाहा. सुती दोरा जळून राख होतो, नायलॉनचा वितळून मणी होतो. नायलॉनच्या चटईत शेवटचे दोरे तुटत नाहीत आणि दोष धारेचा की चटईचा हे कळत नाही. चटई घट्ट गुंडाळून तीन ठिकाणी सुतळीने बांधायची, २४ तास पिंपात बुडवायची आणि दोन-तीन तास उभी ठेवून निथळू द्यायची. माझे रोल भिजल्यावर साधारण ९ सेंमी व्यासाचे होतात. कोरडा रोल कापू नये. त्यात पातं अडकतं आणि धार लवकर जाते.

जागा पादरा रस्त्यावरच्या मित्राच्या शेतातली. माझ्यामागे आणि दोन्ही बाजूंना पंधरा फुटांत कुणी नसतं.

आता मूळ गोष्ट. आखाड्यात उजव्या खांद्यावरून डावीकडे उतरणाऱ्या वाराला आम्ही तमाचा म्हणतो आणि डाव्या खांद्यावरून उजवीकडे उतरणाऱ्याला बाहेरा. पाणी भरलेल्या दोन लिटरच्या बाटलीवर माझे दोन्ही वार स्वच्छ जात होते. वरचा तुकडा बाजूला पडायचा, खालचा पाण्यासकट जागेवर उभा राहायचा. रोलवर तमाचा पार झाला. बाहेरा मात्र दोन-तृतीयांश जाऊन थांबला, पातं चटईत अडकून राहिलं आणि रोल ज्या लाकडी खुंटीवर खोचला होता तिच्यावरच फिरला. सहा वारांत चार वेळा हेच झालं.

तोपर्यंत मी बाटलीला परीक्षक मानत होतो. बाटलीचं प्लास्टिक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असतं आणि आत नुसतं पाणी. धार तीक्ष्ण असेल आणि पातं शिरताना बऱ्यापैकी सरळ असेल तर काम होऊन जातं. शिरल्यानंतरच्या ९ सेंमीत पातं कसं वागलं ते पाण्यात उमटत नाही. केळीच्या खांबाचंही थोडंफार तसंच, तोही बराचसा पाणीच. चटईत मात्र पात्याचा सगळा प्रवास कापलेल्या तोंडावर उमटून राहतो.

म्हणून कापलेले तुकडे फेकू नका. मी पोलादी पट्टी त्या तिरक्या तोंडावर आडवी ठेवून खाली किती फट राहते ते मोजतो. तमाच्याच्या तोंडाखाली फट जवळजवळ नव्हती. बाहेऱ्यात जे वार कसेबसे पार झाले त्यांच्या तोंडाला पळीसारखा खोलगटपणा होता, मध्यावर ६ मिमी. म्हणजे पातं एका कोनात शिरलं आणि आत गेल्यावर वळत गेलं. शिवाय शेवटच्या दोन पदरांच्या काड्या कापल्या न जाता लोंबत होत्या, म्हणजे बाहेर पडेपर्यंत वेग संपला होता.

मला पहिला संशय धारेचा आला. धार दोन्ही बाजूंना सारखी नसेल, तर पातं कमी उताराच्या बाजूला ओढ खातं आणि कापही तसाच वळतो. पण हाताचा दोषही अगदी असाच दिसतो. दोन्ही वेगळे करायला एक सोपी परीक्षा आहे. उजव्या हाताने बाहेरा मारताना पात्याची जी बाजू वर असते, तीच बाजू डाव्या हाताने तमाचा मारताना वर असते. तेव्हा दोष पात्यात असेल तर डाव्या हाताच्या तमाच्यातही तोच खोलगटपणा आला पाहिजे. डाव्या हाताने मी चार रोल मारले. वेग कमी होता, दोन वार मध्येच थांबले, पण चारही तोंडं सपाट निघाली.

एका परीक्षेतून दोन उत्तरं मिळाली. काप वळतो तो माझ्या उजव्या हातामुळे. आणि तोंड सपाट असूनही पातं थांबतं, तर त्याचं कारण वेगळं आहे, ते धारेच्या कोनात शोधायला हवं.

हाताचा दोष सापडायला तीन आठवडे लागले. मावसभावाने मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं. माझ्या वारात टोक एका फ्रेममध्ये सुमारे ८ सेंमी सरकत होतं, म्हणजे रोलच्या आत जेमतेम एक फ्रेम मिळते. आतलं काही दिसत नाही, स्पर्शाच्या आधीच्या चार-पाच फ्रेम पाहाव्या लागतात. तमाच्यात त्या फ्रेममध्ये पातं कॅमेऱ्याला नुसती बारीक रेघ दिसत होतं. बाहेऱ्यात शेवटच्या दोन फ्रेममध्ये पात्याची रुंदी उघडत होती.

वस्तादांना चित्रण दाखवलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. मनगटाच्या आतल्या बाजूला लाल वण होता. "हे बघ, तबकडी इथे टेकतेय. तू मनगट लांबवतोस, ती तुला लांबवू देत नाही, मग पातं फिरतं. फरीगदग्याच्या काठीला तबकडी नसते, म्हणून तुला तिथे कधी कळलं नाही."

प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात फरीगदगा, म्हणजे छोटी ढाल आणि काठीचा खेळ, माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. मीही लहानपणापासून काठीच फिरवली. पण काठी गोल असते. ती हातात दहा अंश फिरली तरी वार तोच आणि आवाजही तोच. जपानी पद्धतीने कापणारे ज्याला हासुजी म्हणतात, म्हणजे पात्याचा पन्ना आणि वाराची दिशा एका रेषेत असणं, ते काठीवर शिकताच येत नाही. तलवारीची तबकडी मनगट पुढे ताणू देत नाही. वार खांद्या-कोपरातून ओढूनच घ्यावा लागतो.

उपाय रटाळ होता, पण लागू पडला. कोरड्या रोलवर ४५ अंशांत रंगीत चिकटपट्टी तिरकी गुंडाळली. बाहेरा अगदी सावकाश आणून पातं पट्टीवर टेकवायचं, थांबायचं आणि पाठीवरून डोळा लावून पन्ना पट्टीच्या रेषेत आहे का पाहायचं. मधल्या बोटांचे सांधे धारेच्या दिशेला हवेत आणि मनगटावर तबकडीचा दाब जाणवायला नको. रोज पन्नास वेळा. सहाव्या आठवड्यात फट २ मिमीवर आली.

दरम्यान धार. व्हर्नियरने मोजलं तर धारेच्या उताराची रुंदी ३ मिमी आणि जिथे उतार संपतो त्या खांद्याशी पात्याची जाडी २.६ मिमी. निम्मी जाडी १.३ भागिले ३ म्हणजे ०.४३, हा साधारण २६ अंशांचा साइन. एका बाजूला २६, दोन्ही मिळून ५२ अंश. बाटलीला हे चालतं, पण ओल्या चटईत पातं पाचरीसारखं काम करतं. खांदा पदरांना बाजूला ढकलत राहतो आणि सगळा वेग त्यात जातो.

लांब पातं दगडावर फिरवण्यापेक्षा ते लाकडात आवळून दगड पात्यावर फिरवला. उतारावर मार्करची शाई लावायची आणि दोन घासांनंतर कुठली शाई गेली ते पाहायचं. खांद्याकडची आधी गेली पाहिजे. ४०० नंबरने खांदा उतरवला, १००० नंबरने धार घेतली. उतार ३.९ मिमी, खांदा २.७ मिमी, म्हणजे बाजूला २० अंश. त्या रविवारी आठपैकी सात बाहेरे पार झाले.

मग मी १६ अंशांवर गेलो, आणि ती घाई होती. बाटल्या तर आवाजही न करता कापल्या गेल्या. पण तिसऱ्या रोलवर वार खाली उतरला, पातं लाकडी खुंटीला चाटून गेलं आणि टोकापासून सहा इंचांवर धार दुमडली. डोळ्याला दिसली नाही, पण कापसाचा बोळा धारेवरून फिरवला तेव्हा तिथे धागे अडकले.

खुंटी नसती तरी इतक्या बारीक धारेला माझा हात पुरेसा सरळ नाही. पातं वाराच्या रेषेतून १० अंश फिरलं, तर २० अंशांच्या धारेचा एक उतार चटईला ३० अंशांत भेटतो आणि दुसरा १० अंशांत. पातं बाजूला ओढ खातं, पण दोन्ही उतार अजून कापत असतात. १६ अंशांच्या धारेत तेच २६ आणि ६ होतात. सगळा भार एका बाजूने येतो आणि तो पेलायला मागे पोलादही कमी. दुमड निघेपर्यंत घासलं आणि पुन्हा २० वर आलो.

वाकड्या वारानंतर पात्याकडेही पाहायला हवं. अडकलेल्या वारांपैकी एकात पातं कायमचं थोडं वाकलं होतं. पात्याच्या सपाट बाजूवर दोरा ताणून लावल्यावर मध्ये १.५ मिमी फट दिसली. दोन लाकडी ठोकळ्यांत धरून हळूहळू सरळ केलं. तसं वाकलेल्या पात्याने वार चालू ठेवला तर पुढचा प्रत्येक काप वाकडाच येणार, आणि मग दोष हाताचा की पात्याचा हे डाव्या हाताच्या परीक्षेतूनही नीट कळणार नाही.

नववा रविवार: सहा रोल, प्रत्येकावर दोन बाहेरे. अकरा पार, एक अडकला. पार झालेल्यांच्या तोंडाखाली १ ते २ मिमी फट. अडकलेला वार थकल्यावरचा, शेवटच्या रोलवरचा, आणि मनगटावर तबकडीचा वण पुन्हा उठला होता. आता एका सत्रात चारच रोल घेतो. पुढे तमाचा मारून पातं न थांबवता त्याच रोलवर बाहेरा घ्यायचा आहे. वरचा तुकडा पडायच्या आत मनगट जागेवर येतं का, ते पाहायचं आहे.