'कॅनॉट बी एक्सक्लूडेड' म्हणजे नक्की किती?

"मॅडम, मशीनमध्ये सगळं दिसतं ना, मग रिपोर्टमध्ये लाइकली, कॅनॉट बी एक्सक्लूडेड असं मोघम का लिहिता?" मी रेडिओलॉजिस्ट, त्यामुळे रिपोर्ट हातात पडला की घरचे मला हे विचारतात.

अपेंडिक्सच्या सोनोग्राफीचंच घ्या. पोटात उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे, सर्जननी पाठवलंय. प्रोब दाबत गेले की अपेंडिक्स सापडतं, जाडी ९ मिमी, दाबूनही चपटं होत नाही आणि नेमकं तिथेच दाबल्यावर पेशंट कळवळतो. नॉर्मल असतं तर साधारण ६ मिमीच्या आत असतं आणि दाबलं की चपटं होतं. अशा वेळी मी 'सजेस्टिव्ह ऑफ अ‍ॅक्यूट अपेंडिसायटिस' लिहिते, म्हणजे अपेंडिक्सला अचानक सूज आल्याची लक्षणं दिसतायत. वाचायला मऊ वाटतं, पण सर्जन हे वाचून ऑपरेशनचा विचार सुरू करतात, कारण माझ्या बाजूने ते जवळजवळ 'आहेच' असतं, शेवटचा शिक्का मात्र काढलेलं अपेंडिक्स पॅथॉलॉजिस्टने तपासल्यावरच बसतो.

तेच ७ मिमी असेल, थोडं दबतंय, पण दुखतंय तिथेच, तर 'लाइकली'. म्हणजे माझा कल आजाराकडे आहे पण वरच्याइतका पक्का नाही.

'कॅनॉट बी एक्सक्लूडेड', म्हणजे 'नाहीच असं सांगता येत नाही', याचं मात्र वेगळं आहे आणि खरी गडबड इथेच होते. आतड्यात गॅस आहे, किंवा अपेंडिक्स सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, मागे लपलंय, खूप शोधलं पण दिसलंच नाही. मग मी जे लिहिते ते आजाराबद्दल कमी आणि माझ्या तपासणीच्या मर्यादेबद्दल जास्त असतं. त्यातून शक्यता ५ टक्के की ४० टक्के काहीच कळत नाही, आणि घरचे 'म्हणजे आहेच बहुतेक' असं धरून बसतात. म्हणून नुसतं तेवढंच लिहून रिपोर्ट सोडणं मला पटत नाही, पुढची ओळ हवीच. आजूबाजूची चरबी सुजून पांढरी दिसतेय का, बाजूला पाणी जमलंय का? यातलं काहीच नसेल तर शक्यता बरीच खाली येते, पेशंटची तब्येत बरी असेल तर सर्जन काही तास लक्ष ठेवून परत तपासू शकतात. चरबी सुजलेली असेल तर अपेंडिक्स न दिसताही संशय वाढतो आणि मी सीटी स्कॅन सुचवते.

अडचण एवढीच की हे शब्द सगळे डॉक्टर एकाच मापाने वापरत नाहीत, एकाचं 'लाइकली' दुसऱ्याच्या 'पॉसिबल'एवढंच असू शकतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्यासाठी शब्दांना आकडेच जोडून ठेवले, 'कन्सिस्टंट विथ' म्हणजे ९० टक्क्यांच्या वर, 'प्रॉबेबल' साधारण ७५, 'पॉसिबल' साधारण ५०. आपल्याकडच्या रिपोर्टवर असा तक्ता क्वचितच छापलेला असतो, त्यामुळे 'कॅनॉट बी एक्सक्लूडेड' दिसलं की डॉक्टरांना सरळ विचारा, दिसलं नाही म्हणून लिहिलंय की दिसलंय पण खात्री नाही म्हणून?