दिव्याभोवतीची रंगीत वलये आणि एका रात्रीत आलेला काचबिंदू

माझ्या चष्म्याचा नंबर तरुणपणापासून प्लसचा आहे. असा डोळा लांबीला थोडा आखूड असतो आणि त्याच्या पुढच्या कप्प्यात जागा कमी असते, हे मला साठीच्या उंबरठ्यावर, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, खाटेवर पडल्यावर कळले. डोळ्यात सतत तयार होणारे पाणी बाहुलीतून पुढे येते आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या कडेला असलेल्या अरुंद कोनातून बाहेर झिरपते. वय वाढते तसे आतले भिंग जाड होते आणि बाहुलीच्या वाटेवर पडद्याला चिकटू पाहते. मग पाणी मागेच अडकते, पडदा पुढे फुगतो आणि कोन बंद होतो. हाच बंद कोनाचा काचबिंदू. नेहमीचा काचबिंदू वर्षानुवर्षे न दुखता नजर पोखरतो, तर हा काही तासांत दाब वाढवून डोळा घेऊ शकतो.

आम्ही डिचोलीला राहतो. चवथीच्या दिवसांत मला पाऊस भोवला आणि सर्दी झाली, म्हणून दुकानातून आणलेली नाक मोकळे करणारी गोळी मी घेत होते. त्या रात्री आरती आटोपली, मोठे दिवे मालवले आणि गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या माटोळीखालच्या समयांच्या उजेडात आम्ही बोलत बसलो. थोड्या वेळाने प्रत्येक ज्योतीभोवती एक गोल कडे दिसू लागले, आत निळसर, बाहेरच्या कडेला तांबडे. डावा डोळा झाकला तर ते ठळक दिसे, उजवा झाकला की नाहीसे होई. मग उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू झाला, तो डोळ्यात आणि कानशिलात उतरला, आणि त्यामागून उलट्या आल्या.

उलट्या पाहून घरातल्या सगळ्यांना पित्त वाटले. जवळच्या एका डॉक्टरांनीही अर्धशिशी समजून उलटीचे इंजेक्शन दिले आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितले. या आजारात फसगत होते ती इथेच. दुखणे डोळ्याचे असते, पण डोके आणि पोट इतके बोलतात की डोळ्याकडे कोणी बघत नाही. शिवाय अंधार अर्धशिशीला मानवतो, पण अशा डोळ्याला घातक ठरतो, कारण अंधारात बाहुली पसरते आणि अर्धवट पसरलेल्या बाहुलीतच भिंग आणि पडदा यांच्यातली वाट सर्वांत जास्त आवळली जाते. माझ्या सर्दीच्या गोळीतल्या औषधानेही बाहुली पसरवण्याचेच काम केले होते. काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, अशी सूचना अशा गोळ्यांच्या कागदावर बहुधा असते. पण आपला कोन अरुंद आहे, हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला ती सूचना आपल्यासाठी आहे असे कसे कळावे?

आमच्या शेजारच्या मुलीने परिचारिकेचे शिक्षण घेतले आहे. तिने मला खिडकीजवळ बसवून मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही डोळे पाहिले. डाव्या डोळ्याची बाहुली उजेड पडताच आकसली. उजव्या डोळ्याची बाहुली मध्यम पसरलेली आणि किंचित लांबट होती, ती हललीच नाही. डोळा लाल झाला होता आणि समोरचे पारदर्शक आवरण, म्हणजे पारपटल, श्वास सोडलेल्या काचेसारखे धूसर दिसत होते. ती यजमानांना म्हणाली, "काका, ही अर्धशिशी नव्हे. काकींना आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवे. सकाळची वाट पाहू नका." आम्ही १०८ ला फोन केला. रुग्णवाहिकेतल्या माणसालाही तिने उलट्या शेवटी सांगितल्या आणि "एका डोळ्याची नजर गेली आहे, तो दुखतो आहे, बाहुली हलत नाही" हे आधी सांगितले. त्यामुळे मी पोटाच्या तक्रारीच्या रांगेत न बसता थेट नेत्रविभागाकडे गेले, असे मला वाटते.

तिथे निळ्या प्रकाशाच्या यंत्राने दाब मोजला. साधारण १० ते २१ असायला हवा, तो ५४ निघाला. एवढ्या दाबाने पाणी पारपटलात शिरते, तिथे प्रकाश फुटतो आणि रंगीत वलये दिसतात. म्हणजे वलय हा दाब वाढल्याचा दिसणारा पुरावाच असतो. मोतीबिंदूतही दिव्यांभोवती तेजाची कडी दिसतात, पण त्यात डोळा असा ठणकत नाही. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे का आणि सल्फाची औषधे सोसतात का, हे विचारून घेतले. मग दाब उतरवणारे थेंब, असिटाझोलामाइड आणि शिरेतून मॅनिटॉलची बाटली असे उपचार सुरू झाले. बाहुली आकसवणारे पिलोकार्पिनचे थेंब मात्र त्यांनी थोडे थांबून घातले. दाब फार चढलेला असताना बाहुलीच्या स्नायूला रक्त पुरत नाही आणि तो औषधाला दाद देत नाही, असे त्यांनी समजावले. बाटली संपत आली तशा लघवीच्या फेऱ्या वाढल्या, बोटांना मुंग्या आल्या, आणि पहाटेच्या सुमारास ठणका ओसरला.

ठणका गेला म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हते. औषधांनी दाब तात्पुरता उतरतो. अडलेली वाट तशीच राहते आणि कोन फार वेळ मिटलेला राहिला तर पडदा तिथे कायमचा चिकटतो. पारपटल स्वच्छ झाल्यावर लेसरने पडद्याच्या कडेला, वरच्या पापणीखाली झाकले जाईल असे बारीक छिद्र पाडले. डोळ्यावर भिंग टेकवले होते, प्रत्येक टिचकीबरोबर आत सुई टोचल्यासारखे झाले, एवढेच. काही वेळाने दाब पुन्हा मोजला आणि मगच घरी सोडले. थोड्या दिवसांनी डाव्या डोळ्यालाही तसेच छिद्र केले, कारण दोन्ही डोळ्यांची घडण सारखीच असते आणि दुसऱ्या डोळ्यालाही झटका येण्याचा धोका मोठा असतो. भिंग अजून जाड झाले तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले.

मागचा इतिहास विचारताना डॉक्टरांनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: असे आधी कधी झाले होते का? झाले होते. जत्रेच्या नाटकाला रात्री मंडपात बसले असता वलये दिसली होती, भुवई दुखली होती, आणि झोपून उठल्यावर सारे नाहीसे झाले होते. झोपेत बाहुली आकसते आणि कोन आपोआप उघडतो, म्हणून असे छोटे झटके जिरतात. दुसऱ्या दिवशी दाब मोजला तर तो नेहमीसारखाच निघू शकतो. म्हणून अशा वेळी नुसता दाब मोजून भागत नाही. डोळ्यावर आरशाचे भिंग ठेवून कोन प्रत्यक्ष पाहावा लागतो, आणि ही तपासणी आपण स्वतः सांगून करून घ्यायला हवी.

माझ्या उजव्या डोळ्याची दृष्टी बरीचशी परत आली. नजरेच्या क्षेत्राच्या चाचणीत नाकाकडच्या बाजूचा एक तुकडा गेलेला दिसतो आणि तो परत येणार नाही, कारण दाबाने मेलेले नसेचे तंतू पुन्हा वाढत नाहीत. अरुंद कोन बहुधा घराण्यात चालतो, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीनेही कोन तपासून घेतला. तिचाही नंबर प्लसचाच आहे. तिला कधीच वलये दिसली नव्हती, तरी तिचे दोन्ही कोन अरुंद निघाले. तिला छिद्र लगेच करायचे की लक्ष ठेवायचे, हे पुढच्या तपासणीत ठरेल. तोवर सर्दीची गोळी घेण्याआधी ती डॉक्टरांना विचारते, आणि रात्री दुखू लागल्यास कोणत्या रुग्णालयात जायचे, हे तिच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.