सकाळचे आकडे जुने दिसले की आधी काय बघायचं: आमचं रनबुक कसं तयार झालं

आमच्या टीममध्ये कोडिंग कोणालाच येत नाही. डेटाचं काम बघणारा सहकारी दुसऱ्या विभागात. डॅशबोर्डवरचे आकडे जुने वाटले की त्याला आमचा एकच मेसेज जायचा, "डॅशबोर्ड बंद आहे." त्यावरून त्याला काहीच उमगायचं नाही. शेवटी अडचण आली की क्रमाने काय बघायचं याचं रनबुक आपणच लिहून ठेवू म्हणून मी बसले.

सुरुवात साधीच ठेवली. पेज पुन्हा लोड करा, तारखेचा फिल्टर गेल्या आठवड्यावर अडकलेला नाही ना ते बघा. बऱ्याच सकाळी प्रकरण इथेच मिटतं.

खरा घोळ पुढच्या पायरीला होता. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात 'Last refreshed' लिहिलेलं असतं आणि आम्ही सगळे त्यावरच विसंबून होतो. पण ती वेळ म्हणजे डॅशबोर्डने डेटा कधी उचलला, एवढंच. उचललेला डेटा कुठल्या तारखेपर्यंतचा होता, हे तिथे दिसत नाही. एका महिनाअखेरीला तिथे 6:10 होतं, सगळं हिरवं, तरी कालची एकही ऑर्डर नाही. ऑर्डरच्या टेबलमध्ये तारखेचा कॉलम उतरत्या क्रमाने लावला, तर सर्वात वर परवाची तारीख. म्हणजे रिफ्रेश झालं होतं, माल मात्र जुनाच होता. मूळ सिस्टीममधून येणारी फाइल त्या दिवशी 6:40 ला पोचली. रिफ्रेश तोवर जुनीच फाइल वाचून मोकळं झालं होतं. जुनी फाइल वाचणं ही त्याच्या दृष्टीने चूक नव्हेच, मग इशारा येणार कुठून?

म्हणून रनबुकमध्ये आता दोन वेळा लिहून घ्यायला सांगितलंय: रिफ्रेशची, आणि टेबलमधल्या शेवटच्या नोंदीची. रिफ्रेशचीच वेळ जुनी असेल तर काम मध्येच अडलंय. बहुतेकदा पासवर्ड बदललेला असतो किंवा परवानगी संपलेली असते. डॅशबोर्डसाठी पॉवर बीआय वापरत असाल तर लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसलं की ते वेळापत्रकच बंद करतं. त्यामुळे पासवर्ड दुरुस्त केल्यावर वेळापत्रक पुन्हा सुरू करावं लागतं, आणि ते हमखास राहून जातं. रिफ्रेश ताजं पण नोंद जुनी असेल, तर चौकशी फाइल पाठवणाऱ्यांकडे. त्याआधी काल सुट्टी नव्हती ना, हे आठवून बघा. सुट्टीच्या दिवशी नोंदी नसणं बरोबरच आहे.

एका गोष्टीवर मी अडून बसले: डेटा भरण्याचं काम आपण हाताने पुन्हा चालवायचं नाही. ते जुन्या ओळी तशाच ठेवून नव्या जोडत जाणारं असेल, तर तोच दिवस दोनदा मोजला जातो, आणि फुगलेला आकडा जुन्या आकड्यापेक्षा ओळखायला अवघड.

सहकाऱ्याला आता जाणारा मेसेज असा असतो: "रिफ्रेश 6:10, शेवटची नोंद परवाची, काल सुट्टी नव्हती." बहुतेक वेळा तो उलट काही विचारत नाही.