लिंबू, नळी आणि चिऱ्याची भिंत

"नुसता उतार आणि रुंदी-खोली मोजून गटारातल्या पाण्याचा वेग तुम्ही सांगता तो कसा, आणि तो बरोबर आहे हे कशावरून?"

वाहत्या पाण्याला उताराच्या दिशेने ओढते ते त्याचे स्वतःचे वजन, आणि त्याला अडवतात तळ व बाजूच्या भिंती. ही ओढ आणि हा अडथळा समान झाले की वेग स्थिरावतो. वजन छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते, तर घर्षण ओल्या झालेल्या परिघाप्रमाणे, म्हणून या दोहोंचा भागाकार महत्त्वाचा ठरतो. त्याला जलीय त्रिज्या म्हणतात. शिवाय खळाळत्या पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने उताराचा परिणाम वर्गमुळानेच दिसतो, म्हणजे उतार दुप्पट केला तरी वेग जेमतेम दीडपटीच्या जवळ जातो. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे, १८८९ मध्ये मांडलेले सूत्र हेच सांगते:

V = (1/n) × R^(2/3) × S^(1/2)

यात V हा सरासरी वेग, R ही मीटरमधली जलीय त्रिज्या, S हा उतार आणि n हा भिंतीच्या खडबडीतपणाचा अंक आहे.

रत्नागिरीजवळ आमच्या आगरातून खाडीकडे जाणारे चिऱ्याचे गटार मी एका जुलैत मोजले, तेच उदाहरण घेतो. उतारासाठी गवंड्यांची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. गटाराचा २० मीटरांचा सरळ तुकडा निवडला आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंत मोजले, तर वरच्या टोकाला ६२ आणि खालच्या टोकाला ७२ सेंटीमीटर भरले. फरक १० सेंटीमीटर, म्हणजे उतार ०.००५. (नळीत एक बुडबुडा अडकला तरी हे माप फसते, म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पातळी जुळते का ते पाहावे.) रुंदी ६० सेंटीमीटर आणि पाण्याची खोली ३० सेंटीमीटर होती. क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर झाले. ओला परीघ म्हणजे तळ आणि दोन्ही बाजूंचा पाण्याखालचा भाग, तो १.२ मीटर, पाण्यावरची कोरडी भिंत यात धरत नाहीत, आणि नवशिक्याची चूक नेमकी इथेच होते. जलीय त्रिज्या ०.१५ मीटर आली.

राहिला n, आणि तो पट्टीने मोजता येत नाही. गुळगुळीत सिमेंट गिलाव्याला तो ०.०१३ च्या आसपास धरतात, सिमेंटात बसवलेल्या अनघड दगडाला ०.०२५, आणि गवत माजलेल्या मातीच्या चराला ०.०३ च्या पुढे. आमचे चिरे तासलेले असल्याने मी ०.०२० धरला आणि उत्तर सेकंदाला १ मीटर आले.

मग पाण्याच्या मधोमध लिंबू सोडले. लिंबू बरेचसे बुडून वाहते, त्यामुळे त्याला वारा फारसा लागत नाही. नारळाचे सोडण मात्र वाऱ्याबरोबर भरकटते. चार वेळा सोडून पाहिले, १० मीटरांना सरासरी १०.६ सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग ०.९४ झाला, भिंतीलगत आणि तळाशी पाणी रेंगाळत असल्याने त्याला ०.८५ ने गुणले तेव्हा सरासरी ०.८० आली. सूत्र उलट सोडवल्यावर n ०.०२५ निघाला. म्हणजे माझा अंदाज चुकला होता. वाकून पाहिले तर दरजांतला चुना धुऊन गेला होता आणि फटींतून नेचे उगवले होते. चिरा तासलेला असला तरी भिंत अनघड दगडासारखीच वागत होती.

या गटारातून तेव्हा सेकंदाला सुमारे १४४ लिटर पाणी जात होते. आतून गिलावा करून n ०.०१४ वर आणला, तर त्याच खोलीला वेग १.४३ मीटर होतो आणि पाणी २५७ लिटर जाते. एवढेच पाणी उतार वाढवून न्यायचे असेल, तर २० मीटरांत १० ऐवजी ३२ सेंटीमीटर उतरावे लागेल, आणि खाडीकाठच्या सपाट आगरात एवढी उंची आणायची कुठून? म्हणून "उतार काढा" म्हणणाऱ्याला मी आधी भिंत दाखवतो.

हा हिशेब मात्र पाण्याचा पृष्ठभाग तळाला समांतर असेल तेव्हाच लागू पडतो. अमावास्येच्या उधाणाला खाडीचे पाणी गटाराच्या तोंडाशी चढते, तेव्हा तळाचा उतार तोच राहतो, पण पाण्याचा पृष्ठभाग जवळजवळ आडवा होतो आणि लिंबू जागच्या जागी घुटमळते. हे ओळखण्यासाठी तुकड्याच्या दोन्ही टोकांना खोली मोजावी. वर ३० आणि खाली ३८ सेंटीमीटर आढळले, तर पाणी खालून अडले आहे, मग ते भरतीने असो की मोरीत साचलेल्या पालापाचोळ्याने. पाचोळा काढता येतो. भरतीसाठी ओहोटीची वाट पाहूनच पुन्हा मोजावे लागते.